फ्लॅशची चकाकी काढून सोप्यातला उजेड चेहऱ्यावर आणताना

प्रश्न : सर, मी निपाणीचा. गणपतीला आमच्या सोप्यात सगळ्या घराचा ग्रुप फोटो काढला. चुलतभाऊ सैन्यात आहे, त्याला रजा मिळाली नाही, म्हणून मे महिन्यातल्या एका लग्नात फ्लॅशने काढलेला त्याचा फोटो कापून त्यात बसवला. त्याचे कपाळ आणि नाक घामाने नुसते चकाकते आहे. बर्न टूलने चकाकी दाबली, तर तोंडाला राख फासल्यासारखे दिसते. काय करावे?

उत्तर : बर्न टूल बाजूला ठेवा. चकाकी काळी करायची नसते, ती वजा करायची असते, आणि वजा केल्यानंतर सोप्याच्या दारातून येणाऱ्या उजेडाची नवी, बरीच फिकी चकाकी दुसऱ्या जागी मिळवायची असते. या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे असलेल्या फोटोंतूनच काढता येतात. बेळगावात हे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि अगदी तुमच्यासारखेच एक काम खानापूर भागातल्या एका कुटुंबासाठी केले होते, म्हणून त्यातलेच आकडे घेऊन सांगतो.

राख का दिसते, ते आधी पाहू. चेहऱ्यावरून कॅमेऱ्याकडे दोन प्रकारचा उजेड येतो. एक उजेड त्वचेच्या आत शिरतो, तिथे रंग घेऊन सगळीकडे पसरत बाहेर पडतो. त्वचेचा गव्हाळ किंवा सावळा रंग तो हाच. दुसरा उजेड तेलाच्या आणि घामाच्या थरावरूनच परततो, आत जातच नाही, त्यामुळे त्याला त्वचेचा रंग लागत नाही, त्याचा रंग दिव्याचाच राहतो. समोरून पडलेल्या उजेडातला असा परतणारा भाग जेमतेम 3 ते 4 टक्के असतो, पण तो सगळा एकाच दिशेने येत असल्याने डोळ्यांत खुपतो. म्हणजे चकाकणाऱ्या ठिकाणचा प्रत्येक पिक्सेल ही त्वचेच्या रंगात पांढऱ्याची केलेली बेरीज आहे. बर्न टूल लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणते, त्यामुळे बेरजेतला पांढरा तसाच आत राहतो आणि तो अंधारला की राखाडी होतो. तुम्ही पांढऱ्याला झाकले, काढले नाही.

आता तो पांढरा नेमका किती, हे मोजता येते, मात्र त्यासाठी फाईलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात असायला हवेत. नेहमीच्या फाईलमध्ये ते तसे नसतात. फोटोशॉपमध्ये फाईल 16 बिटची करून `Convert to Profile` मधून `Custom RGB` निवडावे आणि `Gamma` ची किंमत 1.00 द्यावी. पडद्यावर फोटो बदललेला दिसणार नाही, पण `Info` मधले आकडे बदलतील. यानंतरचे सगळे काम याच फाईलमध्ये करावे आणि शेवटी नेहमीच्या प्रोफाईलमध्ये परत यावे.

खानापूरच्या त्या मुलाच्या कपाळावर, केसांच्या रेषेजवळ, जिथे चकाकी अजिबात नव्हती, तिथे मला लाल 102, हिरवा 61, निळा 41 असे आकडे मिळाले. तिथून बोटभर अंतरावर, चकाकीच्या पट्ट्यात, 158, 117, 97. तिन्ही रंगांतला फरक 56 आहे. हा फरक तिन्हींत सारखा येणे हीच व्हाइट बॅलन्स बरोबर असल्याची खूण समजावी. निळ्यातला फरक जास्त आला तर फोटो फ्लॅशच्या मानाने निळसर आहे, लालमधला जास्त आला तर पिवळसर आहे, आणि तो आधी सरळ करावा, कारण पुढचा सगळा हिशेब चकाकी पांढरी आहे या गृहीतावर उभा आहे.

चकाकी नसलेल्या त्वचेत लाल हा निळ्याच्या सुमारे अडीचपट आहे. त्याला k म्हणू. चकाकीचा पांढरा s हा लाल आणि निळा दोन्हींत सारखाच मिसळलेला असल्याने:

```
s = (k × B − R) / (k − 1)
s = (2.5 × 97 − 158) / 1.5 ≈ 56
```

हाच हिशेब चेहऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलसाठी एका फटक्यात करायचा असेल तर चेहऱ्याच्या लेअरची प्रत काढून तिला `Channel Mixer` लावावा. `Monochrome` वर खूण करावी, `Red` −67, `Green` 0, `Blue` +167 भरावे. लाल आणि निळ्याच्या आकड्यांची बेरीज 100 होते, ती तशीच असली पाहिजे. समोर एक काळा-करडा चेहरा येईल, ज्यात फक्त चकाकी उजळलेली असेल. प्रथम पाहणाऱ्याला तो जरा भुतासारखा वाटतो, पण तुमच्या चुलतभावाच्या चेहऱ्यावरचे सगळे तेल आणि घाम त्यात वेगळे झालेले असते. या लेअरचा ब्लेंड मोड `Subtract` केला की कपाळाचा मूळ रंग खालून वर येतो.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. पांढरा शर्ट, दात आणि डोळ्यांतले पांढरे हे मुळातच पांढरे असल्याने हा हिशेब त्यांनाही चकाकीच समजतो, म्हणून लेअरला मास्क लावून तो फक्त त्वचेपुरता ठेवावा. दुसरे, ताज्या दाढीची हनुवटी. तिथली त्वचा निळसर करडी असते, लाल हा निळ्याच्या जेमतेम दुप्पट भरतो, आणि कपाळाचा अडीच हा आकडा तिथे चालवला की नसलेली चकाकी वजा होऊन हनुवटी तांबूस आणि डागाळलेली दिसते. हनुवटीसाठी k दोन धरून −100 आणि +200 असा वेगळा लेअर करावा. `Channel Mixer` ची मर्यादा 200 आहे, त्यामुळे याहून खाली जाता येत नाही, आणि त्याची फारशी गरजही पडत नाही. तिसरे म्हणजे गंध आणि कुंकू. कोरडे कुंकू चकाकत नाही आणि त्याचा रंग त्वचेपेक्षा फारच लाल असतो, त्यामुळे हिशेब तिथे शून्य देतो. ते बरोबरच आहे, त्याला हात लावू नये.

वजाबाकी जास्त झाली की त्या जागी नारिंगी, भाजल्यासारखा डाग दिसतो. कमी झाली की दुधाळ धुके राहते. मी साधारण 80 टक्के ओपॅसिटीवर थांबतो. त्वचेवरची बारीक रंध्रे डोळ्याला दिसतात ती बरीचशी चकाकीमुळेच, त्यामुळे चकाकी शंभर टक्के काढलेला चेहरा शाडूच्या मूर्तीला नुकताच हात फिरवल्यासारखा गुळगुळीत वाटतो.

जिथे फ्लॅशने रंगच जाळून टाकला आहे, तिथे मात्र हे गणित चालत नाही. त्वचेत लाल सगळ्यात आधी 255 ला टेकतो. एकदा तो टेकला की खरा आकडा किती होता हे फाईलला माहीत नसते, आणि सूत्र s ची किंमत चुकीची सांगते. त्या मुलाच्या कपाळाच्या मध्यावर रुपयाच्या नाण्याएवढा आणि नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढा भाग असा गेला होता. स्टुडिओकडून मूळ रॉ फाईल मिळाली तर ती उघडताना एक्स्पोजर खाली घेऊन पाहावे. पुष्कळदा नाण्याचा वाटाणा होतो. उरलेल्या जागेत आधी कडेच्या, आता चकाकी काढलेल्या त्वचेचा रंग मऊ ब्रशने भरावा, आणि मग कानशिलाजवळची रंध्रे `Healing Brush` ने त्यावर आणावीत. अख्खे कपाळच पांढरे झाले असेल तर हा खटाटोप करू नये, त्याच लग्नातला दुसरा फोटो मागावा. लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येकाचे पाच-सात फोटो तरी असतातच.

फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर आणखी एक अडचण येते. तिथल्या जेपीईजीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, आणि आपले सूत्र तर लाल-निळ्याच्या फरकावरच चालते, त्यामुळे काळा-करडा चेहरा चौकोनाचौकोनांचा दिसतो. तो लेअर चारपाच पिक्सेल ब्लर करून वापरता येतो, पण मग रंध्रांवरची बारीक चकाकी मागे राहते आणि ती हाताने काढावी लागते. शक्य तोवर मूळ फाईलच मागावी. जेपीईजीत कॅमेऱ्याने उजळ भाग आधीच दाबलेले असतात, तेव्हा आकडे माझ्या उदाहरणाइतके चोख जुळणार नाहीत. रॉ फाईलही कन्व्हर्टरच्या वक्रातून आलेली असते, तिच्यातही थोडा फरक राहतो. दोन-चार आकड्यांच्या फरकाने काम अडत नाही.

घामाचे वेगळे सांगायला हवे. त्वचेवर घामाचा सलग पातळ थर असेल तर तो तेलासारखाच वागतो, फक्त त्याची चकाकी अधिक आखीव आणि तीक्ष्ण असते, आणि वरच्या हिशेबाने ती निघते. थेंब मात्र निघत नाहीत. प्रत्येक थेंब हे एक छोटे भिंग असते: दिव्याच्या बाजूला त्यावर एक टिंब चमकते, आत शिरलेला उजेड गोळा होऊन पलीकडच्या कडेला त्वचा उजळते, आणि त्यापुढे बारीक सावली पडते. टिंब वजा केले तरी उजळ कड आणि सावली शिल्लक राहतात, आणि कपाळावर मुरूम आल्यासारखे दिसते. वरच्या ओठावरचे आणि कानशिलावरचे थेंब एकेक करून `Healing Brush` नेच काढावेत. मे महिन्यातल्या मंगल कार्यालयातला घाम गणपतीच्या पावसाळी सोप्यात तसाही शोभत नाही, म्हणून ते ठेवण्याचा मोह धरू नये.

इथवर चेहरा बिनचकाकीचा झाला. आता नवी चकाकी घालण्याआधी चेहऱ्याचा छायाप्रकाश बदलावा लागतो, आणि हा क्रम उलटा करू नये. फ्लॅशने उजळलेला चेहरा सपाट असतो. सोप्यात उजेड दाराच्या बाजूने येतो आणि दुसरा गाल सावलीत जातो. ती सावली `Curves` च्या लेअरने आणि मऊ मास्कने द्यावी. चकाकी आत असतानाच सावली घातली तर सावलीतल्या गालावर विझलेली करडी चकाकी राहते, आणि आपण पुन्हा राखेपाशी येतो.

नवी चकाकी कुठे बसवायची, यात अनुभवी माणसेही चुकतात. दाराकडे सरळ तोंड करून असलेला गालाचा भाग सगळ्यात उजळ असतो, म्हणून चकाकीही तिथेच रंगवण्याकडे हात जातो. ते चूक आहे. चकाकी म्हणजे आरसा. ती तिथेच दिसते जिथे त्वचा दार आणि कॅमेरा या दोघांच्या बरोबर मधल्या दिशेकडे वळलेली असते. त्या फोटोत दार कॅमेऱ्याच्या रेषेपासून डावीकडे सुमारे 60 अंशांवर होते. त्वचेचा सगळ्यात उजळ भाग 60 अंश वळलेला, म्हणजे जवळजवळ कानापाशी. चकाकी मात्र 30 अंश वळलेल्या भागावर, म्हणजे डाव्या भुवईच्या वर, नाकाच्या दांड्याच्या डाव्या उतारावर आणि गालफडाच्या पुढच्या अंगावर. या दोन जागांत दोन-तीन बोटांचे अंतर पडते, आणि ते चुकले की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण माणूस चिकटवलेला वाटतो.

हे अंश मोजत बसण्याची गरज नाही, कारण त्याच फोटोत त्याचा सख्खा भाऊ उभा होता. त्याचा चेहरा त्याच दाराच्या उजेडात, जवळपास तेवढाच वळलेला. त्याच्या कपाळावर चकाकी नसलेल्या जागी 75, 45, 30 आणि चकाकीत 90, 60, 45 असे आकडे आले. k पुन्हा अडीच, आणि चकाकी 15. म्हणजे सोप्यात चकाकी ही त्वचेच्या लाल उजेडाच्या पाचव्या हिश्श्याइतकी आहे, तर फ्लॅशमध्ये ती 102 ला 56, म्हणजे निम्म्याहून जास्त होती. पावसाळी आभाळाचा उजेड अख्ख्या दारभर पसरून येतो, त्याचे प्रतिबिंबही त्वचेवर पसरून पडते, आणि म्हणून ते फिके असते. फ्लॅशचा सगळा उजेड वितभर जागेतूनही नाही, तळहाताहून लहान काचेतून येतो. फ्लॅशची चकाकी नुसती सरकवून डावीकडे नेली तरी जुळत नाही, त्याचे कारण हेच.

मग मी भावाच्या चेहऱ्याची प्रत घेऊन त्याच `Channel Mixer` ने त्याची चकाकी वेगळी केली, मास्क लावून फक्त त्वचेवरची ठेवली, ती जोडायच्या चेहऱ्यावर आणली, डोळ्यांचे कोपरे आणि नाकाचा शेंडा जुळतील अशी `Warp` ने बसवली आणि ब्लेंड मोड `Linear Dodge (Add)` केला. ओपॅसिटी आधी 100 ठेवून पाहिली आणि 70 वर आणली, कारण आधीची 20 टक्के चकाकी आपण मागे ठेवलेली होती. तिच्याबरोबर भावाची रंध्रेही येतात आणि ती दोनदा दिसू लागतात. त्यासाठी या लेअरला दीड-दोन पिक्सेलचा ब्लर पुरतो.

उसनी चकाकी घेताना एक अट पाळावी. डोके वळले तरी चकाकी डोक्याबरोबर वळत नाही, ती दार आणि कॅमेरा सांगतील तिथेच राहते. भावाचे तोंड सरळ आणि याचे दहा-पंधरा अंश उजवीकडे असेल, तर `Warp` ने नाकावर नाक बसवल्याने चकाकी चुकीच्या जागी जाते. अशा वेळी ज्याचे तोंड तितकेच वळलेले आहे अशा दुसऱ्या कोणाची, मामाची वा आत्याचीसुद्धा, चकाकी घ्यावी. घराणे जुळण्यापेक्षा मान जुळणे महत्त्वाचे. फक्त बाईच्या चेहऱ्यावर पावडर असेल तर ती घेऊ नये, पावडर चकाकी पसरवते आणि पुसट करते.

गणपतीजवळच्या दिव्यांच्या माळेचाही विचार करावा लागतो. माझ्या त्या फोटोत मखर उजवीकडे होते आणि सगळ्यांच्या उजव्या गालफडावर एक बारीक पिवळसर टिपका होता. भावाची चकाकी वेगळी करताना तो टिपका निघालाच नाही, कारण तो पांढरा नव्हता आणि आपले सूत्र पांढऱ्यापुरतेच आहे. तो मी नव्या लेअरवर, काकूंच्या गालावरून रंग उचलून, अगदी लहान ब्रशने हाताने घातला.

शेवटी डोळे. फ्लॅशने बुबुळाच्या मध्यावर एक पांढरे टिंब सोडलेले असते, आणि कपाळ कितीही जुळवले तरी ते टिंब चुगली करते. भावाच्या डोळ्यात पाहिले तर बुबुळाच्या डाव्या वरच्या बाजूला दाराची उभी, लांबट, निळसर खिडकीसारखी खूण दिसेल. फ्लॅशचे टिंब भोवतालच्या काळ्या रंगाने बुजवावे आणि तशी उभी खूण दोन्ही डोळ्यांत, दोन्हींत एकाच बाजूला, घालावी. चष्मा असेल तर काचेवरची फ्लॅशची चमक काढून तिथे दार दाखवणे हे तासाभराचे वेगळे काम आहे. मी बिनचष्म्याचा फोटो मागून घेतो. गळा आणि हाताचे पंजे विसरू नयेत, घाम तिथेही असतो, आणि गळ्यातल्या साखळीवरची फ्लॅशची चमक मात्र सूत्राने निघत नाही, कारण सोन्याची चमक सोन्याच्याच रंगाची असते, पांढरी नसते. ती साखळी सरळ `Clone Stamp` ने मंद करावी.

काम झाल्यावर वर एक तात्पुरता `Curves` लेअर घालून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवावा आणि फोटो पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा करून पाहावा. सगळ्यांच्या कपाळावर चकाकीचा ठिपका एकाच बाजूला आणि एकाच तेजाचा दिसला पाहिजे. खानापूरच्या फोटोत मला पहिल्या वेळी तो मुलगाच सगळ्यात आधी दिसला, आणि ओपॅसिटी 70 वरून 55 वर आणल्यावर तो रांगेत गेला. तात्पुरता लेअर काढून, बाकीचे सगळे लेअर `Flatten Image` ने एक करून मगच फाईल नेहमीच्या प्रोफाईलमध्ये आणायची, नाहीतर `Subtract` आणि `Add` चे लेअर तिथे वेगळे दिसतात, आणि छापायला द्यायची ती प्रत 8 बिटची.